पांढरं म्हणजे किती पांढरं?

कोल्हापुरातल्या एका चपलांच्या दुकानाचे बावीस फोटो गेल्या वर्षी माझ्याकडे आले. सोबत एकच ओळ होती : ‘मागचं काढून पांढरं करून द्या.’ मी दोन दिवसांत काम करून पाठवलं आणि आठवड्याच्या आत सगळे फोटो परत आले. या वेळी मात्र मालकीणबाईंनी सोबत दीड पानी पत्र लिहिलं होतं. कॅटलॉगच्या फोटोंचं काम मी बरीच वर्षं करतो आहे, पण काय हवं ते इतक्या नेमकेपणाने तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

पत्राची सुरुवात अशी : ‘दादा, मोबाइलवर चपलेभोवती फिकट राखाडी चौकोन दिसतोय. पान पांढरं आहे, फोटो पांढरा नाही. मला २५५ पाहिजे.’

पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा यांच्या मिश्रणातून बनतो. प्रत्येकाला ० ते २५५ असा आकडा असतो आणि तिन्ही २५५ झाले की शुद्ध पांढरा रंग येतो. मी दिलेली पार्श्वभूमी होती २४८ची. एकटी पाहिली तर ती पांढरीच वाटते, पण २५५च्या पानावर ठेवली की तिची कड उघडी पडते. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोला शुद्ध पांढरी पार्श्वभूमीच लागते. दुकानदाराला हे तपासायला महागडं सॉफ्टवेअर नको. कोऱ्या पांढऱ्या पानावर फोटो चिकटवायचा. त्याची चौकट दिसली, तर काम अपुरं आहे.

पुढचा मुद्दा भोकांचा होता. ‘अंगठ्याच्या कडीतून आणि पट्ट्याखालून आमची शहाबादी फरशी दिसते. तीही काढा.’ वस्तूच्या बाहेरच्या कडेने कापताना आतल्या फटी राहून जातात. कपाच्या फोटोत एकच कान असतो, कोल्हापुरीच्या जोडाला मात्र अशा कितीतरी जागा असतात. त्या शोधायला मी कापलेल्या चपलेमागे तात्पुरता गडद रंग भरतो. राहिलेला फरशीचा तुकडा लगेच नजरेत भरतो, आणि कडेला चिकटलेली पांढुरकी रेघसुद्धा.

सावलीबद्दल बाई म्हणतात, ‘सगळी काढू नका, चप्पल हवेत तरंगते. तळाला चिकटून असेल तेवढी ठेवा, पण ती राखाडी असू दे.’ हे त्यांनी फार बारकाईने पाहिलं होतं. मूळ सावलीत फरशीचा रंग उतरलेला असतो. फरशी गेली आणि तो रंग मागे राहिला, तर पांढऱ्यावर मळकट डाग पडल्यासारखं दिसतं. म्हणून सावली वेगळ्या थरावर घेऊन तिचा रंग काढला आणि चौकटीच्या कडेपर्यंत पोचायच्या आत ती विरून जाईल असं केलं.

सगळ्यात जास्त वेळ रंगाने खाल्ला. दुकानासमोर निळी ताडपत्री होती आणि तिची झाक चामड्याच्या कडांवर आली होती. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याचा तो तांबूस-पिवळा रंग गिऱ्हाईक ओळखतं. फोटोत तो बदलला, तर घरी पोचलेला जोड ‘हा तो नव्हे’ म्हणून परत येतो. बाईंनी लिहिलं होतं : ‘पहिल्या फोटोत चपलेशेजारी झेरॉक्सचा कागद ठेवलाय. तो पांढरा दिसेल एवढाच रंग फिरवा. चामड्यावरचे डाग चामड्याचेच आहेत, ते पुसू नका.’ झेरॉक्सच्या कागदात स्वतःचीच थोडी निळसर चमक असते. त्याला मोजून पांढरं केलं की चामडं गरजेपेक्षा जास्त पिवळं होतं. म्हणून मी किंचित अलीकडे थांबलो आणि उरलेली निळी झाक फक्त कडांवरून काढली.

मापंही दिली होती : फोटो चौकोनी, २००० गुणिले २००० पिक्सेल, जोडाने चौकटीचा ८५ टक्के भाग भरलेला. फाइलचं मूळ नाव तसंच ठेवून पुढे W जोडायचं, म्हणजे KP-07.jpg चं KP-07-W.jpg. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणूनच, कारण नुसता फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो. आणि सगळ्यात आधी एकच जोड करून दाखवायचा. तो पसंत पडला तरच पुढचे एकवीस.

शेवटून दुसरी ओळ अशी होती : ‘गोंड्याच्या जोडांचं जमत नसेल तर अंदाजाने कडा आखू नका, सांगा. परत काढू.’

तीन फोटोंत खरंच जमलं नाही. गोंड्याचे धागे तपकिरी होते आणि मागे तितकंच तपकिरी लाकडी फळकूट. धागा कुठे संपतो आणि लाकूड कुठे सुरू होतं हे फोटोतच नव्हतं, मग ते कापून कुठून आणणार? मी तसं कळवलं. बाईंनी पांढरा कार्डशीट मागून वर वळवून टेकवला, ताडपत्री गुंडाळायला लावली आणि सकाळच्या उजेडात तेवढे तीन जोड पुन्हा टिपले. त्या फोटोंतला एकेक धागा सुटा दिसत होता.