काऊ-चिऊला आवाज कुठून मिळतो?

काऊचं शेणाचं घर पावसात वाहून गेलं आणि तो चिऊच्या दारी आला, ही गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. चला, धाकट्या भावंडासाठी ती मोबाइलवर रेकॉर्ड करूया. अट एकच, ऐकता ऐकता त्याला झोप लागली पाहिजे.

मग कुजबुजत बोलायचं का? थांबा. गळ्यावर बोट ठेवा आणि ‘आ’ म्हणा. थरथर जाणवली? आत स्वरतंतूंच्या दोन घड्या हलताहेत. बाबा बोलतात तेव्हा त्या सेकंदाला साधारण १०० ते १२० वेळा थरथरतात, आई बोलते तेव्हा २०० च्या आसपास. जितकी थरथर जास्त, तितका आवाज बारीक. आता तोच ‘आ’ कुजबुजून म्हणा. थरथर गेली! म्हणजे जाडा-बारीक फरकही गेला. कुजबुजले तर काऊ आणि चिऊ जवळजवळ सारखेच ऐकू येतील. म्हणून बोलायचं खऱ्या आवाजात, फक्त श्वासाचा जोर कमी ठेवून.

आता कागदावर संवाद लिहा आणि कंसात तोंडाचं काम:

काऊ (ओठ गोल, सावकाश): चिऊताई, दार उघड गं. पार भिजलोय मी.
चिऊ (ओठ हसरे, शब्द तुटक): हळू बोल हं. पिल्लं आत्ताच निजलीत.
काऊ (आणखी सावकाश): बरं… मी इथेच थांबतो.

ओठांचं एवढं कशाला? गळ्यातून निघालेला आवाज तोंडाच्या पोकळीत घुमून बाहेर येतो. ओठ गोल करून पुढे काढले की पोकळी लांब होते आणि आवाज भरदार वाटतो. हसरे ठेवले की ती आखूड होते, आवाज उजळ होतो. गंमत म्हणजे गळा ताणावाच लागत नाही. चिऊसाठी आवाज उंच चढवला, तर तो नकळत मोठाही होतो आणि पेंगुळलेलं बाळ टक्क जागं होतं!

आणखी एक खोडी आहे ‘भिजलोय’मधल्या ‘भ’ची. तोंडासमोर तळहात धरून म्हणा. हवेचा झोत लागला ना? तो थेट माइकवर आदळला की रेकॉर्डिंगमध्ये ‘धप्’ असा आवाज येतो. म्हणून मोबाइल तोंडासमोर नको, वीतभर लांब आणि थोडा बाजूला ठेवा.

शेवटी परीक्षा. दोघांच्या तोंडी ‘कोण आहे?’ एवढंच घाला, रेकॉर्ड करा आणि आजीला डोळे मिटून ओळखायला सांगा. आजी चुकली, तर काऊला आणखी सावकाश बोलू द्या, चिऊचे शब्द आणखी तुटक करा, आणि पुन्हा ऐकवा.