पुराव्याची साखळी — लेखांक सातवा : दोन दारांची खोली

गेल्या लेखांकात शरद बिरधीचंद सारडा या पुण्याच्या खटल्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली दिलेल्या निर्णयाचा परिचय करून दिला होता. परिस्थितिजन्य पुराव्यावर दोषी ठरविण्यासाठी ज्या पाच कसोट्या न्यायमूर्ती फझल अली यांनी तेथे सांगितल्या, त्यांतील चौथी, म्हणजे आरोपीच्या अपराधाखेरीज दुसरी प्रत्येक संभाव्य उपपत्ती पुराव्याने निखालस बाद झाली पाहिजे ही कसोटी, विद्यार्थ्यांना पाठ असते, परंतु ती खटल्याच्या कागदांवर लावायची कशी, हे सांगताना बहुतेकांची लेखणी अडखळते. पुण्याच्या त्या खटल्यात पत्नी सायनाइडने मृत्यू पावली होती, आणि तिच्याच पत्रांतून तिची खिन्नता प्रकट होत असल्यामुळे आत्महत्येची शक्यता बाद होऊ शकली नाही. दुसरी उपपत्ती तेथे डोळ्यांसमोर होती. ती सहजासहजी दिसत नाही, किंबहुना घर आतून बंद होते असे सांगून ती दृष्टिआड केली जाते, अशा खटल्यात काय होते, याचा विचार आज करावयाचा आहे; आणि त्यासाठी दिल्लीच्या शेजारी नोएडात, सेक्टर २५ मधील जलवायू विहारातील एका सदनिकेच्या दारांपाशी आपल्याला थोडा वेळ थांबावे लागेल.

१६ मे २००८ च्या सकाळी त्या घरातील तेरा वर्षांची आरुषी तिच्या खोलीत मृतावस्थेत आढळली. घरगडी हेमराज बेपत्ता होता, म्हणून प्रथम संशय त्याच्यावर गेला. दुसऱ्या दिवशी त्याचाच मृतदेह इमारतीच्या गच्चीवर सापडला. तपास आधी उत्तर प्रदेश पोलिसांकडे आणि मग केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. त्या विभागाने २०१० च्या अखेरीस पुराव्याअभावी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, न्यायदंडाधिकाऱ्यांनी तो फेटाळून आईवडिलांवर समन्स काढले, आणि २५ नोव्हेंबर २०१३ रोजी गाझियाबादच्या विशेष न्यायालयाने दंतवैद्य तलवार दांपत्याला दोषी ठरवून दुसऱ्या दिवशी जन्मठेप सुनावली. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार एकही नव्हता. अभियोग पक्षाचा सारा इमला एका वाक्यावर उभा होता : रात्री घरात चार माणसे होती, सकाळी दोन मेलेली आणि दोन जिवंत आढळली, आणि बाहेरून कोणी आत आल्याची खूण नाही.

हे वाक्य ऐकताच मन निष्कर्षाकडे धाव घेते, आणि याच जागी थांबण्याची सवय विधीच्या अभ्यासकाने स्वतःला लावून घेतली पाहिजे. त्या वाक्यात चार आणि दोन हे आकडे निर्विवाद आहेत. 'बाहेरून कोणी आले नाही' ही मात्र वस्तुस्थिती नसून अनुमान आहे, आणि सारड्याच्या पहिल्या कसोटीप्रमाणे ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढावयाचा ती स्वतः आधी पूर्णपणे शाबीत व्हावी लागते. घर बंद होते की नाही, हा तर्काचा प्रश्न नव्हे. तो कडी, कुलूप आणि जाळी यांचा प्रश्न आहे.

तेव्हा दारेच पाहू. सदनिकेत शिरताना प्रथम बाहेरच्या बोळाच्या तोंडाशी लोखंडी जाळीचे दार होते, त्याच्या आत दुसरे जाळीचे दार आणि त्याला लागून लाकडी दार. हेमराजच्या खोलीला दोन दारे होती : एक सदनिकेच्या आत उघडणारे, आणि दुसरे त्या बोळात, म्हणजे बाहेरची जाळी आणि मधले जाळीचे दार यांच्यामधल्या जागेत उघडणारे. नकाशातील ही एवढीशी गोष्ट साऱ्या खटल्याची नाडी आहे. कारण जो मनुष्य या खोलीतून बोळात येऊ शकतो, तो मधले दार बाहेरून लावून बाहेरच्या जाळीतून निघूनही जाऊ शकतो, किंवा उलट, घरातीलच कोणी मधल्या दाराला बाहेरून कडी घालून याच खोलीतून पुन्हा आत येऊ शकतो.

अभियोग पक्षाने दुसरी शक्यता उचलली. त्याचे म्हणणे असे की, सकाळी सहाच्या सुमारास घरकाम करणारी बाई आली तेव्हा बाहेरची जाळी आतून बंद होती. किल्ली खालून घेण्याच्या मिषाने तिला पुन्हा खाली पाठवून, तेवढ्या अवधीत आईवडिलांनी ती जाळी उघडली आणि मधल्या दाराला बाहेरून कडी असल्याचा देखावा केला. आता या कथेचा आधार काय? आधार एकच : त्या बाईने आपण पहिल्या खेपेस बाहेरच्या जाळीला हात लावला आणि ती उघडली नाही, असे न्यायालयात सांगितले. हे एक वाक्य खरे धरले तर जाळी आतून बंद, जाळी आतून बंद तर बाहेरचा मनुष्य बाहेर गेलेला नाही, आणि बाहेरचा मनुष्य गेलेला नाही तर उरले दोघेच. ते वाक्य काढून घेतले तर बाई घंटी वाजवून उभी राहिली, तिने जाळी ढकलून पाहिलीच नाही, आणि पुन्हा वर आल्यावर हात लावताच ती उघडली, एवढेच शिल्लक राहते. आणि तेवढ्यावरून रात्री कोणी त्या जाळीतून बाहेर पडले नव्हते असे म्हणता येत नाही.

ते वाक्य तपासातील तिच्या पूर्वीच्या जबाबात नव्हते. उलटतपासणीत आपल्याला जे समजावून दिले तेच आपण येथे सांगत आहोत, असेही तिच्या तोंडून निघून गेले. साक्षीदाराच्या जबाबात नंतर पडलेली भर क्षुल्लक असेल तर न्यायालये ती सोडून देतात, कारण माणसाची स्मृती म्हणजे दप्तरखान्यातील नोंदवही नव्हे. परंतु ज्या एका वाक्यावर घराचे बंद असणे आणि त्यावर साऱ्या आरोपाचे उभे असणे अवलंबून आहे, तेच वाक्य मागाहून आलेले असेल, तर ती भर नसून पायाच नंतर घातला गेला असे म्हणावे लागते. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती बी. के. नारायण आणि ए. के. मिश्रा यांनी अपील मंजूर करताना या साक्षीचा असाच निकाल लावला.

मला या निर्णयातील दुसरी गोष्ट तितकीच शिकण्यासारखी वाटते. हेमराजच्या ओळखीचा आणि दांपत्याच्या दवाखान्यात काम करणारा एक कंपाउंडर शेजारीच राहत असे, आणि त्याच्या खोलीतून जप्त झालेल्या जांभळ्या उशीच्या अभ्र्यावर हेमराजचा डीएनए आढळल्याचे हैदराबादच्या प्रयोगशाळेच्या २००८ च्या अहवालात नोंदले गेले होते. २०११ साली, प्रकरण उलट दिशेने चालू लागल्यावर, ही टंकलेखनातील चूक असून दोन वस्तूंची वर्णने अदलाबदल झाली, असा खुलासा प्रयोगशाळेकडून आला. कारकुनी चूक होऊ शकते, हे कोणीही मान्य करील. परंतु प्रश्न असा की, त्या चुकीचा भार कोणाच्या पारड्यात टाकायचा? अभ्रा जर खरोखरच त्या खोलीतील असेल, तर बाहेरचा मनुष्य या प्रकरणाशी संबंधित असण्याची शक्यता जिवंत राहते, आणि ती शक्यता बाद करण्याचे काम अभियोग पक्षाचे आहे, ती सिद्ध करण्याचे आरोपीचे नव्हे. येथे एक खबरदारी घेतली पाहिजे : त्या तरुणावर गुन्हा शाबीत झालेला नाही, त्याच्यावर आरोपपत्रही दाखल झाले नव्हते, आणि अभ्र्याचा उल्लेख केल्याने तो अपराधी ठरत नाही. आरोपीला निर्दोष मुक्त करताना न्यायालय दुसऱ्या कोणावर ठपका ठेवीत नसते. ते फक्त एक दार उघडे राहिले आहे असे सांगते.

येथे चाणाक्ष विद्यार्थी कलम १०६ पुढे करील. १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे हे कलम आता भारतीय साक्ष्य अधिनियमात १०९ झाले आहे, आणि जी गोष्ट विशेषेकरून एखाद्याच्याच माहितीत असते ती शाबीत करण्याचा बोजा त्याच्यावर असतो, असे ते सांगते. घराच्या चार भिंतींत रात्री काय झाले हे त्या दोघांनाच माहीत असणार, मग त्यांनी खुलासा का करू नये? या प्रश्नाचे उत्तर नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशपद भूषविलेल्या न्यायमूर्ती व्हिवियन बोस यांनी १९५६ साली अजमेरच्या शंभूनाथ मेहरा खटल्यात देऊन ठेवले आहे. एका कारकुनाने प्रवासभत्ता खोटा उचलल्याचा तो आरोप होता. हे कलम अभियोग पक्षाला आपल्या मूळ कर्तव्यातून सुटका देण्यासाठी नाही, तर ज्या अपवादात्मक प्रसंगी ती माहिती मिळविणे त्याला अशक्यप्राय असते त्यासाठी आहे, असे तेथे ठरले.

तुलनेसाठी २००६ चा त्रिमुख मारोती किरकन खटला घ्या. महाराष्ट्रातील या प्रकरणात पत्नीला सर्पदंश झाला असे पतीचे म्हणणे होते. शवविच्छेदनात गळा आवळल्याचे निष्पन्न झाले. तेथे सर्वोच्च न्यायालयाने घरातल्या गोष्टीचा खुलासा पतीकडे मागितला आणि त्याचा खोटेपणा साखळीतील एक अधिक दुवा मानला. नोएडाच्या खटल्यात हे का घडले नाही? कारण किरकनच्या घरात प्रथम खून शाबीत झाला होता, मग त्यावर खोटा खुलासा येऊन बसला. नोएडात मात्र घर बंद होते हेच शाबीत झाले नाही, आणि ज्या घरात तिसरा मनुष्य येऊ शकत होता त्या घरातील घटना 'विशेषेकरून' दोघांच्याच माहितीतील म्हणता येत नाही. बोजा फिरतो तो साखळी पुरी झाल्यावर. साखळीतील तुटलेला दुवा सांधण्यासाठी तो फिरविता येत नाही. सारड्याच्या निर्णयातही न्यायालयाने खोट्या बचावाबद्दल हाच क्रम सांगितला आहे.

न्यायमूर्ती मिश्रा यांनी आपल्या स्वतंत्र मतात, खालच्या न्यायाधीशांनी गणिताच्या शिक्षकाप्रमाणे एक संख्या गृहीत धरून उदाहरण सोडविले, असा अभिप्राय व्यक्त केला. कठोर वाटणारा हा अभिप्राय मला यथार्थ वाटतो. 'क्ष' आधी दोषी मानला की प्रत्येक वस्तू त्याच्याकडे बोट दाखवू लागते : आईचे रडणे कमी, म्हणून दोषी, अधिक, म्हणून कांगावा. गृहपाठात वस्तुस्थिती लिहून झाली की विद्यार्थ्याने प्रत्येक दुव्यापुढे दोनदा हात थांबवावा, एकदा तो कोणत्या कागदाने वा कोणाच्या जबाबाने शाबीत होतो हे पाहण्यासाठी, आणि एकदा आरोपी निरपराध आहे असे मानून तोच दुवा कसा दिसतो हे पाहण्यासाठी. मधल्या दाराची बाहेरची कडी घ्या. दोषी आईवडील ती घालतील; पळणारा खुनीही ती घालील, कारण पाठलाग टाळायचा आहे. दोन्हींकडे सारखी बसणारी कडी साखळीत धरता येत नाही.

१६ ऑक्टोबर २०१७ रोजी गाझियाबादच्या डासना कारागृहाचे दार त्या दोघांसाठी उघडले. पुढील लेखांकात, आरोपीला मृताबरोबर शेवटचे पाहिले या पुराव्यात वेळेचे अंतर किती पडले की तो दुवा निकामी होतो, हे पाहू.