एकच नंबर, सहा नोंदी

संपर्कयादीत एकाच माणसाचा नंबर अनेकदा शिरतो आणि दर वेळी वेगळ्या तऱ्हेने लिहिलेला असतो. गृहनिर्माण सोसायटीची यादी हे याचे नेहमीचे उदाहरण. सचिवांच्या फोनमधले संपर्क, मेंटेनन्सची एक्सेल शीट आणि जुन्या रजिस्टरवरून टाइप केलेली पाने एकत्र केली, की एकाच सभासदाच्या नावावर अशा ओळी जमतात:

```
98765 43210
09876543210
+91 98765-43210
919876543210
00919876543210
९८७६५४३२१०
```

वाचणाऱ्याला नंबर एकच आहे हे लगेच कळते. संगणक मात्र अक्षराला अक्षर ताडून पाहतो, म्हणून त्याच्या लेखी या सहा नोंदी ठरतात. शीटमधले Remove duplicates चालवले तरी त्यांतली एकही ओळ गळत नाही, आणि उद्या पाणी येणार नसल्याचा निरोप त्या सभासदाला सहा वेळा जातो.

यावरचा उपाय म्हणजे मूळ रकान्याला हात न लावता शेजारी नवा रकाना घालायचा, त्यात प्रत्येक नंबर एकाच साच्यात लिहायचा आणि तुलना फक्त त्या रकान्याची करायची. साचा आंतरराष्ट्रीय मानकाचा घ्यावा: अधिकचे चिन्ह, देशाचा कोड, मग नंबर, मध्ये कुठेही जागा किंवा रेघ नाही. आधी देवनागरी अंक शोधून त्यांच्या जागी इंग्रजी अंक घालावेत. मग गूगल शीट्समध्ये हे सूत्र अंकांखेरीज सगळे काढून टाकते:

```
=REGEXREPLACE(A2&"","[^0-9]","")
```

क्रम उलटा झाला तर देवनागरी अंकही या सूत्राच्या तावडीत सापडतात आणि रकाना रिकामा राहतो. अशा सगळ्या रिकाम्या ओळी मग एकमेकींच्या 'डुप्लिकेट' ठरतात.

उरलेल्या अंकांचे काय करायचे, हे त्यांची संख्या मोजून ठरवायचे. अंक १० असतील तर नंबर तसाच ठेवायचा. ११ असून सुरुवातीला शून्य असेल तर ते शून्य काढायचे. १२ असून सुरुवात ९१ने होत असेल तर ९१ काढायचे, आणि १४ असून सुरुवात ००९१ने असेल तर ते चारही अंक. मग सगळ्यांपुढे +91 लावायचे. लँडलाइनलाही हाच नियम चालतो, कारण शून्य वगळून एसटीडी कोड आणि नंबर मिळून दहाच अंक होतात: पुण्याचे २० आणि पुढे आठ, नाशिकचे २५३ आणि पुढे सात. एसटीडी कोडच नसलेला नंबर मात्र गाव ठाऊक असल्याखेरीज पुरा करता येत नाही.

मोजणी टाळून 'सुरुवातीचे ९१ काढा' एवढेच केले तर घोटाळा होतो. भारतातले कित्येक मोबाइल नंबर मुळातच ९१ने सुरू होतात. त्यांचे ९१ गेले की आठ अंक उरतात आणि मोबाइलची ओळ मुंबई-पुण्याच्या लँडलाइनसारखी दिसू लागते.

'शेवटचे दहा अंक जुळले की झाले' ही युक्ती पुष्कळ लोक वापरतात. यादी निव्वळ भारतातली असेल तर ती बहुतेक वेळा निभावते. पण सभासदाचा मुलगा न्यू जर्सीत असेल तर त्याचा नंबर १ या देशाच्या कोडानंतर दहा अंकांचाच असतो, आणि तिथला ७३२ हा एरिया कोड भारतातल्या मोबाइलच्या सुरुवातीसारखाच दिसतो. दोन देशांतले दोन नंबर अशा वेळी एक मानले जाऊ शकतात. म्हणून अधिकच्या चिन्हानंतर ९१ सोडून दुसरा कोड असेल, तर ती ओळ आधीच बाजूला काढून तिचा कोड कायम ठेवावा.

सगळ्यात वाईट नुकसान एक्सेलमध्ये होते, तेही गुपचूप. बारा अंकी नंबर तिथे संख्या म्हणून घेतला जातो आणि 9.19877E+11 असा दिसतो. त्याच अवस्थेत फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली की शेवटचे अंक कायमचे जातात आणि 919877000000 उरते. मग सुरुवातीचे काही अंक सारखे असलेली निरनिराळी माणसे एकाच नंबरखाली येतात. एकापाठोपाठ एक नंबर सहा शून्यांनी संपताना दिसले की हेच घडले आहे असे समजावे आणि मूळ फाइलकडे परत जावे. कुठल्याही सूत्राने ते अंक परत येत नाहीत. नंबर टाकण्याआधीच रकाना Text करून ठेवला तर ही वेळ येत नाही.

साचा जुळला तरी ओळी लगेच पुसू नयेत. एकच नंबर आणि दोन नावे असतील तर ते नवरा-बायको असू शकतात. निरोप धाडायचा असेल तर त्यांची एक ओळ पुरते, सभासदांची यादी करायची असेल तर दोन्ही लागतात. नावे अगदीच अनोळखी असतील तर आणखी एक शक्यता उरते: बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. तेव्हा दोन्हींपैकी कोणती नोंद शिळी आहे हे त्या नंबरवर फोन करूनच ठरते.