आत्याला फोन कसा करावा?

पूर्वी पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडलेला असे. पोस्टमनने तसे कार्ड हातात ठेवले की घरातली माणसे वाचण्याआधीच खाली बसत. कुणीतरी गेले एवढे कळलेले असे, कोण ते आतल्या मजकुरात असे. त्या मधल्या चार-सहा क्षणांत माणूस भिंतीला टेकत असे, पदर सावरत असे. कधी तार येत असे. २०१३ साली तीही बंद झाली. आता खिशात फोन आहे आणि त्याला फाडायला कोपरा नाही.

गेल्या महिन्यात एका वाचकाने पत्रातून विचारले आहे, "वडील हृदयविकाराचे रुग्ण, वय ८१. त्यांचे धाकटे बंधू मुंबईत वारले. आम्ही फोनवर 'काका सीरियस आहेत' एवढेच सांगून त्यांना गाडीत बसवले. हे बरोबर केले का?" हा प्रश्न दवाखान्यातही वारंवार विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुधा तेव्हा फोन असतो. म्हणून आज औषधांऐवजी याविषयी.

आधी भीतीविषयी बोलू. "धक्क्याने त्यांना काही झाले तर?" ही भीती निराधार नाही. जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या चोवीस तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सुमारे एकवीस पट वाढतो, असे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात २०१२ साली दिसले. पुढच्या दिवसांत तो उतरत जातो. मात्र एकवीस पट हा आकडा ऐकून घाबरू नये, कारण एका दिवसाचा मूळ धोका फारच लहान असतो. त्याच अभ्यासाच्या हिशेबाने, ज्यांचे हृदय आधीच धोक्यात आहे अशा सुमारे ३२० शोकग्रस्तांमागे एका व्यक्तीला त्या आठवड्यात जादा झटका येतो. दुसरा एक आजार जपानी डॉक्टरांनी १९९० साली वर्णिला. तीव्र धक्क्यानंतर हृदयाचा खालचा डावा भाग फुग्यासारखा फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही. ऑक्टोपस पकडायच्या मडक्यासारखा तो आकार दिसतो म्हणून त्याला 'ताकोत्सुबो' म्हणतात. पाळी गेलेल्या स्त्रियांत तो जास्त आढळतो आणि बहुतेकजणी काही आठवड्यांत बऱ्या होतात.

पण खोटे बोलून हा धोका टळत नाही, फक्त पुढे ढकलला जातो. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांना मुलांनी "आई अतिदक्षता विभागात आहे" असे सांगून सहा तासांचा प्रवास घडवला. वाटेत त्यांनी नवस बोलला. दारात उतरले तेव्हा समोर तिरडी बांधणे चालले होते. त्यांचा रक्तदाब सांभाळता आला, पण मुलांशी ते वर्षभर नीट बोलले नाहीत. "सहा तास मला आशेवर ठेवलं," एवढेच ते म्हणत. टप्प्याटप्प्याने सांगायचे याचा अर्थ दिवसभर हुलकावणी द्यायची असा नव्हे. तयारीला अर्धा तास आणि प्रत्यक्ष बोलण्याला पाच मिनिटे, इतकेच ते टप्पे असतात.

ते कसे, हे माझ्याच घरच्या उदाहरणावरून सांगतो. २०१९ साली माझे वडील साताऱ्यात पहाटे पावणेपाचला गेले. त्यांची थोरली बहीण, माझी आत्या, तेव्हा ८४ वर्षांची होती. मुक्काम सांगोल्याजवळच्या वाडीवर, गाडीने साडेतीन-चार तासांच्या अंतरावर. मधुमेह, रक्तदाब, हृदय थोडे अशक्त, ऐकायला कमी. तिला कळवायचे माझ्याकडे आले.

पहिला फोन मी आत्याला केलाच नाही. सहा वाजता वहिनींना, म्हणजे तिच्या सुनेला केला, आणि त्यांना थेट सगळे सांगितले. जो माणूस तिच्याजवळ बसणार, त्याला आधी रडून घ्यायला दहा मिनिटे मिळाली पाहिजेत. मग विचारले, आत्या कुठे आहे, काय करते आहे, चहा झाला का, इन्सुलिन घेतले का? वहिनी म्हणाल्या, "चहा झालाय भाऊजी. इन्सुलिन सातला देते." मी म्हणालो, "आता देऊ नका. बातमीनंतर दोन घास पोटात गेले की द्या." कारण साधे आहे. इन्सुलिन टोचून झाले आणि मग रडण्यात जेवण राहिले, तर साखर उतरून माणूस घामाघूम होऊन बेशुद्ध पडू शकतो आणि लोक समजतात, धक्क्याने पडला. आधीच टोचले असेल तर अगोदर खाऊ घालावे, मग सांगावे. (आत्याच्या उतारवयातल्या मधुमेहाला एक इंजेक्शन उशिरा चालणार होते. ज्यांना लहानपणापासून इन्सुलिन आहे त्यांनी असे न करता आपल्या डॉक्टरांना विचारावे.)

वहिनींनी विचारले, "आधी एक झोपेची गोळी देऊ का? नाहीतर जिभेखालची?" हेही नेहमीचे आहे. दोन्ही देऊ नयेत. झोपेच्या गोळीने म्हातारे माणूस गोंधळते, उठताना पडते, बातमी अर्धवट कळते. जिभेखालची गोळी छातीत दुखू लागले तर असते. दुखत नसताना 'खबरदारी' म्हणून दिली तर रक्तदाब एकदम उतरतो आणि भोवळ येते.

दुसरी तयारी इतर मोबाईलची. नातवाच्या फोनवर कुणीतरी हार घातलेला फोटो आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' पाठवलेच असेल, हे गृहीत धरावे. मी घरच्या मंडळींना बजावले की साडेसहापर्यंत कुणी काही टाकू नका. त्याहून जास्त वेळ बातमी धरून ठेवता येत नाही, वाडीवर तर नाहीच. दूधवाला आधी पोचतो.

साडेसहाला फोन लावला. तोवर वहिनींनी टीव्ही बंद करून आत्याला खाटेवर भिंतीशी बसवले होते, श्रवणयंत्र लावले होते आणि फोन तिच्या बऱ्या कानाशी धरला होता. उभ्याने किंवा चुलीजवळ हे ऐकू नये. मी नाव सांगितले आणि विचारले, "आत्या, अण्णांशी कधी बोलली होतीस?" हा प्रश्न वेळ काढण्यासाठी नाही. समोरच्याला कितपत कल्पना आहे हे कळल्याशिवाय सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. ती म्हणाली, "परवा. दम लागतोय म्हणाला. का रं?"

"आत्या, बातमी चांगली नाही."

हाच तो फाडलेला कोपरा. एवढे बोलून मी थांबलो. तीन श्वास थांबावे. तेवढ्यात ऐकणाऱ्याचे मन पुढच्या वाक्याची तयारी करते. ती "काय झालं?" म्हणाली तेव्हा पुढे गेलो. "रात्री तीनला छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तासभर प्रयत्न केले. उपयोग झाला नाही. अण्णा वारले."

इथे शब्दाची निवड महत्त्वाची आहे. आपण सवयीने 'गेले' म्हणतो. समोर बसलेल्याला चेहऱ्यावरून अर्थ कळतो, फोनवर कळत नाही. माझ्या एका रुग्णाला "दादा गेला" असे सांगितले तर ती म्हणाली, "पुण्याला का?" आणि सांगणाऱ्याला ते पुन्हा सांगावे लागले. वयानुसार कमी ऐकू येते ते मुख्यतः बारीक स्वराचे आवाज, आणि साधा फोन तेच आवाज आणखी गाळतो. म्हणून ओरडू नये, सावकाश आणि जाड आवाजात बोलावे, आणि 'वारले' किंवा 'मृत्यू झाला' असा एकच अर्थ निघणारा शब्द एकदा तरी उच्चारावा. 'देवाघरी गेले', 'आपल्यात राहिले नाहीत' हे नंतर म्हणता येते.

मग शांतता. फोनवरची शांतता सांगणाऱ्याला सोसत नाही आणि तो काहीबाही बोलू लागतो: सोनं झालं, सुटले बिचारे. मी गप्प राहिलो. वहिनींशी आधीच ठरले होते, त्यांनी तिचा हात धरायचा आणि मला ऐकू येईल असे सांगायचे. त्या म्हणाल्या, "धरलंय मी. बसल्यात नीट." बराच वेळ फक्त तिचे रडणे येत होते. मग तिने विचारले, "लई त्रास झाला का त्याला?" मला "अजिबात नाही" म्हणता आले असते. पण सायंकाळी घरातल्या दहाजणांकडून तिला खरे कळलेच असते. मी म्हणालो, "अर्धा तास दुखलं. नंतर शुद्ध नव्हती. मी जवळ होतो."

शेवटचा टप्पा निर्णयाचा. "तू येईपर्यंत थांबतो. यायचं का नाही ते तू ठरव." आपल्याकडे म्हाताऱ्यांच्या वतीने परस्पर ठरवले जाते, की प्रवास झेपणार नाही, त्यांना नंतर सांगू. झेपत नसेल तर तसे त्यांच्याशी बोलावे. अंत्यदर्शन हुकवल्याचा राग फार दिवस टिकतो. अर्ध्या तासाने मी पुन्हा फोन केला, कारण पहिल्या फोनमधले निम्मे ऐकलेलेच नसते. तिने त्रास झाला का हे पुन्हा विचारले, मी तेच उत्तर पुन्हा दिले. (स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे वेगळे. त्यांना एकदा, जवळ बसून सांगावे. ते विसरले आणि पुन्हा चौकशी करू लागले तर दर वेळी नव्याने बातमी देऊ नये, त्या माणसाच्या आठवणी काढाव्यात.)

दुपारी बाराला आत्या आली, सोबत भाऊ, वहिनी आणि गोळ्यांची पिशवी. पुढचे काही दिवस घरच्यांनी काय पाहायचे? छातीत दुखणे किंवा दडपण, धाप, थंड घाम, भोवळ. मधुमेही वृद्धांत दुखणे नसतेही, नुसती धाप किंवा मळमळ असते. "रडून रडून दमल्यात" म्हणून हे सोडून देऊ नये, त्याच तासात दवाखान्यात न्यावे. झटका की ताकोत्सुबो, हे घरी कळत नाही, आणि नुसत्या कार्डिओग्रामवर डॉक्टरांनाही नेहमी सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी आत्याला खरोखरच धाप लागू लागली. पायांवर सूज होती. कार्डिओग्राम काढला, तो तिच्या जुन्यासारखाच निघाला. मग पिशवी उघडली. लघवीची गोळी तीन दिवसांची तशीच होती. घर पाहुण्यांनी भरलेले, न्हाणीघर एकच, सारखे सारखे उठायचे कसे, म्हणून तिने ती घेतलीच नव्हती. गोळी पुन्हा सुरू केली, तिची खाट न्हाणीघराजवळच्या खोलीत हलवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धाप उतरली होती.