मंगळवारी संध्याकाळी, बुधवारच्या डब्यासाठी

संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ 1993 मध्ये झी टीव्हीवर सुरू झाला. त्याचं आधी ठरलेलं नाव होतं ‘श्रीमान बावर्ची’. ते बदलण्याची सूचना दिग्दर्शक हंसल मेहता यांची. पुढे सतरा वर्षांहून अधिक काळ पदार्थ दर आठवड्याला बदलत राहिले, नाव मात्र तेच राहिलं.

मोबाइलवर स्वयंपाक शिकवणाऱ्या शिक्षिकेसमोर आज हाच प्रश्न असतो. सोमवारी पनीर, शुक्रवारी केक, मग दहा दिवस काहीच नाही, असं झालं की बघणारीला पुन्हा कधी यायचं हे कळत नाही. ‘चवदार रेसिपी’ या नावातूनही ते कळत नाही. ‘बुधवारचा डबा’ म्हटलं तर वार कळतो, पदार्थ कोरडा आणि सकाळी अर्ध्या तासात होणारा असेल हेही कळतं. मात्र भाग मंगळवारी संध्याकाळीच यायला हवा. भाजी आणणं, निवडणं तेव्हाच होतं. बुधवारी सकाळी कुणाला व्हिडिओ बघायला वेळ असणार?

परत बोलावण्याची खरी सोय स्वयंपाकातच आहे. पुढच्या भागात मोडाच्या मटकीची उसळ असेल, तर या भागाच्या शेवटी मटकी दाखवायची आणि सांगायचं: रविवारी रात्री भिजत घाला, सोमवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधा, मंगळवारी संध्याकाळपर्यंत मोड येतील. थंडीत मोड यायला वेळ लागतो, म्हणून डिसेंबरात शनिवारी रात्रीच भिजवायला सांगावं. ज्या घरात मटकी फडक्यात बांधलेली आहे, ते घर मंगळवारी हमखास येतं. रविवारी सकाळी दोन ओळींची आठवण टाकली की विसरणाऱ्याही सांभाळल्या जातात. प्रत्येक पदार्थाला भिजवण लागत नाही. तिथे आदल्या दिवशी वाटून ठेवायचं खोबरं किंवा भाजून ठेवायचं कूट चालतं. ओढूनताणून काम सांगितलं तर ते लगेच जाणवतं.

नाव पक्कं करण्याआधी बारा भागांची यादी कागदावर उतरवावी. ‘भेंडीवार’ सहाव्या भागालाच अडतो. पहिला भाग टाकण्याआधी तीन-चार भाग चित्रित करून ठेवले, तर तापाच्या किंवा पाहुण्यांच्या आठवड्यातही मंगळवार चुकत नाही.

मालिका रुजते आहे का, हे एकूण प्रेक्षकसंख्येवरून ठरवू नये. दिवाळीच्या चकलीला हजारो लोक येतात आणि चकली झाली की जातात. यूट्यूब नवे आणि परतलेले प्रेक्षक वेगवेगळे दाखवतं. सहा-सात भागांनंतर परतणाऱ्यांचा आकडा हलत नसेल, तर आधी वार आणि वेळ तपासावी. आणि मंगळवारी भाग टाकायला उशीर झाला की ‘आजचा डबा कुठंय?’ अशी विचारणा येऊ लागली, तर नाव आणि वार दोन्ही तसेच ठेवून पुढच्या बारा भागांची यादी करायला घ्यावी.