पोटॅशियम ७.४, कॅल्शियम ५.१

(लेखमाला : रिपोर्ट वाचताना – लेखांक ६)

मागच्या आठवड्यात सोडियम पाहिलं. आज पोटॅशियम. ते समजावण्यासाठी मेडिसिन वॉर्डातल्या एका रात्रीचा प्रसंग घेऊ. वॉर्ड आणि माणसं उदाहरणासाठी रचलेली आहेत, पण अशी चूक रुग्णालयांत खरोखर होत असते.

रात्री २ वाजून ३८ मिनिटांनी लॅबमधून फोन आला. "सिस्टर, बेड १२. पोटॅशियम ७.४." रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असतं. ६.५च्या वर गेलं की हृदयाची लय कधीही बिघडू शकते, म्हणून असा आकडा लॅबने कागद यायची वाट न पाहता फोनवर सांगायचा असतो. सिस्टरने पेशंटचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, आकडा आणि वेळ लिहून घेतली आणि सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. ही पहिली पडताळणी. फोनवर 'चार' आणि 'सात'ची अदलाबदल होते, शेजारच्या बेडचा आकडाही कानावर पडू शकतो.

फोन ठेवण्याआधी तिने दोन प्रश्न विचारले. "सीरम लाल आहे का?" आणि "बाकीचे आकडे काय आले?"

पहिल्या प्रश्नाचं कारण असं. शरीरातलं जवळपास ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. बाहेरच्या द्रवात ४ असेल, तर पेशीत १४०च्या आसपास. रक्त बारीक सुईतून जोराने ओढलं किंवा बल्ब जोरात हलवला, तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. पेशंट ठीक असतो, पोटॅशियम बल्बमध्ये वाढलेलं असतं. याला हिमोलिसिस म्हणतात, आणि खोट्या वाढीचं हेच सर्वांत नेहमीचं कारण. पेशी फुटल्या की सीरम लालसर दिसतं. टेक्निशियन म्हणाला, "नाही सिस्टर, सीरम स्वच्छ पिवळं आहे." मग त्याने बाकीचे आकडे वाचले : क्रिएटिनिन १.६, सोडियम १३८, कॅल्शियम ५.१.

तिला खटकलं ते कॅल्शियम. ते साधारण ८.५ ते १०.५ असतं. खरोखर ५.१पर्यंत उतरलं, तर सहसा बोटांना मुंग्या येतात, हातपाय आखडतात, झटकेही येऊ शकतात. आणि बेड १२वरच्या काकांनी तासाभरापूर्वीच थंडी वाजतेय म्हणून दुसरी चादर मागून घेतली होती.

तरी हा आकडा खोटा असेल असं धरून चालण्यासारखा पेशंट नव्हता. मधुमेह, पायाला जंतुसंसर्ग, किडनी थोडी मंदावलेली, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन. त्या गोळीने पोटॅशियम वाढू शकतं. अशा माणसाचं ७.४ खरंही असतं. शंका घ्यायला आधार होता, पण गाफील राहायला नव्हता, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून काम करणं हीच रात्रपाळीतली कसोटी.

जाता जाता तिने वॉर्डबॉय मामांना ईसीजीचं मशीन आणायला सांगितलं आणि बेडकडे गेली. "काका, जरा पाय उचला बरं. छातीत धडधडतंय का?" काकांनी पाय उचलला आणि मला झोपू द्या म्हणाले. नाडी ८८, नियमित. सलाइनच्या बाटलीत पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं नव्हतं. फाइलमध्ये दुपारचं पोटॅशियम ४.७ आणि क्रिएटिनिन तेव्हाही १.६. बारा तासांत किडनी होती तशीच आहे, लघवी होतेय, आणि पोटॅशियम मात्र पावणेतीनने वाढलं, हे जुळत नव्हतं.

ईसीजी निघाला. पोटॅशियम वाढलं की टी लहर उंच आणि टोकदार होते, पुढे पी लहर चपटी होत जाते आणि क्यूआरएस रुंदावतो. इथे तसं काही दिसत नव्हतं. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी : ईसीजी बिघडला तर धोका खरा समजायचा, चांगला आला म्हणून धोका नाही असं म्हणता येत नाही. पोटॅशियम खूप वाढूनही ईसीजी चांगला आलेले पेशंट असतात.

२ वाजून ४६ मिनिटांनी तिने निवासी डॉक्टरांना फोन लावला. म्हणजे या सगळ्याला आठ मिनिटं लागली. दुसऱ्या सॅम्पलचा निकाल येईपर्यंत ती थांबली नाही, आणि ते योग्यच केलं. पडताळणीच्या नावाखाली तासभर गेला आणि आकडा खरा निघाला, तर गेलेला तास भरून निघत नाही.

"सर, बेड १२. पोटॅशियम ७.४, दुपारी ४.७ होतं. क्रिएटिनिन तेवढंच. हिमोलिसिस नाही, पण त्याच सॅम्पलमध्ये कॅल्शियम ५.१ आलंय. पेशंट बोलतोय, ताकद चांगली आहे. ईसीजीचा फोटो पाठवलाय, मला टी उंच वाटत नाही. मॉनिटर लावते. कॅल्शियम ग्लुकोनेट काढून ठेवलंय. रिपीट पाठवू का?"

"ईडीटीए गेलं असेल. लगेच रिपीट घ्या, एक आयसीयूच्या गॅस मशीनवरही लावा. मी निघालोच."

जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्ये, ज्यात हिमोग्लोबिनसाठी रक्त घेतात, ईडीटीएचा पोटॅशियमयुक्त क्षार असतो. तो रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतो, म्हणून रक्त गोठत नाही. त्यातलं रक्त साध्या बल्बमध्ये गेलं की एकाच वेळी पोटॅशियम वाढतं आणि कॅल्शियम पडतं. दीड वाजता काकांना ताप चढल्यावर घाईत रक्त घेतलं होतं. शीर मिळेना, साध्या बल्बमध्ये रक्त कमी पडलं, म्हणून जांभळ्यातलं थोडं त्यात ओतलं गेलं. ओतणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. रक्त त्याच माणसाचं तर होतं. पण ओतलेलं प्रमाण अगदी थोडं असेल, तर पोटॅशियम चढतं आणि कॅल्शियम जवळपास जागेवर राहतं. मग ही खूण हाती लागत नाही.

दुसरं सॅम्पल सलाइन नसलेल्या हातातून घेतलं. पट्टा सैल, मूठ उघडझाप न करता, आधी साधा बल्ब, जांभळा शेवटी. हेपरिनच्या सिरिंजमधलं रक्त मामांनी हातोहात आयसीयूत नेलं. त्या मशीनवर काही मिनिटांत आकडा येतो, मात्र ते अख्खं रक्त तपासत असल्याने पेशी फुटल्या असतील तर कळत नाही. म्हणून लॅबचं सॅम्पलही हवंच. मशीनने ४.६ दाखवलं, लॅबने नंतर ४.५.

ईसीजीत लहरी बदललेल्या असत्या, तर रिपीटची वाट न पाहता डॉक्टरांनी कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू शिरेतून दिलं असतं. ते पोटॅशियम कमी करत नाही, हृदयाला अर्धा-एक तास सावरून धरतं. पोटॅशियम पेशींत ढकलायला इन्सुलिन देतात, साधारण १० युनिट, सोबत ग्लुकोज. ४.५ पोटॅशियम असलेल्या काकांना ते मिळालं असतं, तर पोटॅशियम विनाकारण खाली गेलं असतं आणि पहाटे साखर उतरली असती. किडनी मंद असली की इन्सुलिनचा असर लांबतो, म्हणून त्यानंतर कित्येक तास साखर तपासत राहावं लागतं.

डॉक्टरांनी इन्सुलिन लिहिलं नाही. लॅबने पहिला रिपोर्ट 'सॅम्पल दूषित' असा शेरा मारून रद्द केला. तसं झालं नसतं, तर सकाळच्या राउंडला फाइल उघडणाऱ्याने ७.४ पाहून पुन्हा तीच धावपळ सुरू केली असती.