जो आधी संपेल तो आधी घ्या

सभागृह एक, दिवस एक आणि ते मागणारे अनेक. कोणाला होकार द्यायचा आणि कोणाला नकार, म्हणजे त्या दिवशी जास्तीत जास्त कार्यक्रम पार पडतील? संगणकशास्त्रात या प्रश्नाला ‘इंटरव्हल शेड्युलिंग’ म्हणतात. प्रत्येक मागणीला सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ ठरलेली असते, ती मागेपुढे सरकवता येत नाही. एकाच वेळी दोन कार्यक्रम चालू शकत नाहीत. मात्र एक जिथे संपतो तिथेच दुसरा सुरू झाला तर चालतो. भाडे, मान, गर्दी यांचा इथे विचार नाही, फक्त कार्यक्रमांची संख्या वाढवायची आहे.

एका सार्वजनिक वाचनालयाच्या सभागृहासाठी रविवारच्या दहा मागण्या आल्या आहेत असे धरू. रक्तदान शिबिराला ८ ते ११ हवे आहे, योगवर्गाला ९ ते १०, चित्रकला स्पर्धेला ९.३० ते १२, व्याख्यानाला १० ते ११.३०, भजनी मंडळाच्या सरावाला ११ ते १ आणि गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला ११.३० ते १.३०. दुपारनंतर पुस्तक प्रकाशन १२.३० ते ३, नाटकाची तालीम २ ते ३.३०, गाण्याची मैफल ३ ते ६ आणि मुलांसाठी कथाकथन ३.३० ते ५.

प्रत्येक मागणीला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे, तर दहा मागण्यांच्या १,०२४ निवडी होतात. तेवढ्या तपासता येतील, पण मागण्या चाळीस झाल्या की हाच आकडा एक लाख कोटींच्या वर जातो. म्हणून सगळ्या निवडी न तपासता, एका साध्या नियमाने एकेक कार्यक्रम उचलत जायचे आणि एकदा घेतलेला निर्णय पुन्हा फिरवायचा नाही, असा मार्ग शोधला जातो. अशा रीतींना ‘ग्रीडी’ अल्गोरिदम म्हणतात. अडचण एवढीच की समोर जे सर्वांत चांगले दिसते ते उचलत गेल्याने शेवटी सर्वांत चांगलेच हाती येईल, याची कुठलीही हमी नसते. ती प्रत्येक नियमासाठी वेगळी सिद्ध करावी लागते.

इथे चालणारा नियम असा: सगळ्या मागण्या संपण्याच्या वेळेनुसार लावा. यादी वरून खाली वाचा. आधी घेतलेल्या शेवटच्या कार्यक्रमाशी जी मागणी भिडत नाही ती घ्या, भिडते ती सोडा.

वरच्या यादीत सर्वांत आधी योगवर्ग संपतो, १० वाजता. तो घेतला. त्यानंतर संपणारे रक्तदान शिबिर ८ वाजताच सुरू होते, म्हणून ते सोडावे लागते. व्याख्यान बरोबर १० ला सुरू होते, ते घेतले. ते ११.३० पर्यंत चालते, म्हणून चित्रकला स्पर्धा आणि भजनाचा सराव दोन्ही गळतात. वार्षिक सभा ११.३० ची, ती बसते. पुस्तक प्रकाशन सभेशी भिडते, ते सुटते. मग तालीम आणि कथाकथन मिळतात, मैफल राहते. एकूण पाच कार्यक्रम झाले.

पण पाचच का? कोणी हुशारीने मांडणी केली तर सहा बसतील का? बसणार नाहीत, आणि हे दाखवायला १,०२४ निवडी तपासण्याची गरज नाही. घेतलेल्या पाच कार्यक्रमांचे प्रत्येकी शेवटचे मिनिट तेवढे बघायचे: ९.५९, ११.२९, १.२९, ३.२९ आणि ४.५९ ला सुरू होणारी पाच मिनिटे. आता सोडलेल्या मागण्या बघा. रक्तदान शिबिराला ९.५९ चे मिनिट हवेच आहे. चित्रकला स्पर्धेलाही ते हवे आहे. भजनाच्या सरावाला ११.२९ चे हवे, प्रकाशनाला १.२९ चे, मैफलीला ३.२९ चे. दहापैकी एकही मागणी अशी नाही जिला या पाच मिनिटांपैकी एकही नको. सभागृहात एका मिनिटाला एकच कार्यक्रम मावतो. मग पाच मिनिटांना पाचापेक्षा जास्त कार्यक्रम कसे मिळणार?

हा या यादीपुरता योगायोग नाही. एखादी मागणी सोडली जाते ती केव्हा? तिची पाळी येते तेव्हा शेवटचा घेतलेला कार्यक्रम ती सुरू होईपर्यंत संपत नसतो म्हणून. म्हणजे ती त्या कार्यक्रमाच्या समाप्तीआधी सुरू होते. शिवाय यादी संपण्याच्या वेळेनुसार लावलेली असल्याने ती त्या कार्यक्रमाच्या आधी संपूही शकत नाही. आधी सुरू होते आणि आधी संपत नाही, म्हणजे त्या कार्यक्रमाच्या शेवटच्या मिनिटाला ती चालूच असली पाहिजे. यादी कितीही लांब असो, वेळा कशाही असोत, हा युक्तिवाद तसाच लागू पडतो. संपूर्ण सिद्धता एवढीच आहे. एकदा पटल्यावर ती विसरता येत नाही.

या सिद्धतेतून नियमाचे मर्मही कळते. लवकर संपणारा कार्यक्रम घेतल्यामुळे ज्या मागण्या बाद होतात, त्या सगळ्यांना एकच मिनिट हवे असते. म्हणजे त्या आपसांतही भिडतात. त्यांतली जास्तीत जास्त एकच कोणत्याही वेळापत्रकात बसू शकली असती. एक कार्यक्रम घ्यायचा आणि त्यापायी फार तर एक गमवायचा, हा व्यवहार कधीच तोट्याचा होत नाही. दुसऱ्या नियमांमध्ये नेमके हेच निसटते.

उदाहरणार्थ, सर्वांत कमी वेळ घेणारा कार्यक्रम आधी घ्यावा, हा नियम पुष्कळांना पहिल्यांदा सुचतो. वाचनालयाच्या यादीवर तो लावला तरी उत्तर पाचच येते, आणि म्हणूनच तो फसवा आहे. १० ते १२, ११.३० ते १२.३० आणि १२ ते २ अशा तीनच मागण्या घ्या. हा नियम मधला तासाभराचा कार्यक्रम उचलतो आणि दोन्ही बाजूंचे गमावतो. ते दोघे मात्र एकमेकांना अजिबात आड येत नव्हते. हातात दोन येऊ शकत होते, तिथे एक आला.

याहून शहाणा वाटणारा नियम म्हणजे कमीत कमी मागण्यांशी भिडणारी मागणी आधी घ्यायची. याचे प्रतिउदाहरण सहज सापडत नाही, म्हणून ते नीट बघण्यासारखे आहे. जॉन क्लाइनबर्ग आणि एव्हा टार्डोस यांच्या ‘अल्गोरिदम डिझाइन’ या पाठ्यपुस्तकातही हा नियम का फसतो ते दाखवले आहे. इथे वेळा सोयीच्या घेऊ आणि सगळ्या मागण्या दोन-दोन तासांच्याच ठेवू, म्हणजे कोणी लहान, कोणी मोठा हा मुद्दाच राहणार नाही.

चार मागण्या एकापाठोपाठ एक आहेत: ८ ते १०, १० ते १२, १२ ते २ आणि २ ते ४. एक मागणी मधोमध आहे, ११ ते १. शिवाय ९ ते ११ या एकाच वेळेसाठी तीन वेगवेगळ्या मंडळांनी अर्ज केले आहेत, आणि १ ते ३ साठीही तसेच तीन अर्ज आहेत. एकूण अकरा.

आता कोण किती जणांशी भिडतो ते मोजू. ८ ते १० ही मागणी ९ ते ११ च्या तिन्ही अर्जांशी भिडते, म्हणजे तीन. १० ते १२ ही त्या तिघांशी आणि ११ ते १ शी भिडते, म्हणजे चार. ९ ते ११ चा प्रत्येक अर्ज आपल्या दोन जोडीदारांशी आणि ८ ते १०, १० ते १२ या दोघांशी भिडतो, तेही चार. दुपारची बाजू हुबेहूब अशीच आहे. मधली ११ ते १ मात्र १० ते १२ आणि १२ ते २ या दोनच मागण्यांशी भिडते. सर्वांत कमी तंटा तिचाच, म्हणून नियम तिला आधी घेतो.

ती घेताच १० ते १२ आणि १२ ते २ बाद होतात. सकाळी उरतात ८ ते १० ची मागणी आणि ९ ते ११ चे तीन अर्ज. हे चौघे एकमेकांशी भिडतात, म्हणून यांतला एकच मिळतो. दुपारीही तसाच एक मिळतो. एकूण तीन झाले. लवकर संपणारे आधी घेतले असते तर ८ ते १०, १० ते १२, १२ ते २ आणि २ ते ४ असे सरळ चार मिळाले असते.

चूक पहिल्याच पावलावर झाली. ११ ते १ ने फक्त दोघांना बाद केले हे खरे, पण ते दोघे एकमेकांशी भिडत नव्हते. एक मिळवण्यासाठी दोन घालवले गेले. त्याउलट ८ ते १० तिघांशी भिडते, तरी ती घेणे स्वस्त पडते, कारण ते तिघे एकाच वेळेसाठी आपसांतच भांडत आहेत. किती जण बाद होतात याला महत्त्व नाही. बाद झालेल्यांपैकी किती जण एकत्र नांदू शकले असते, हे बघावे लागते. भिडणाऱ्यांची नुसती संख्या मोजणाऱ्या नियमाला हा फरक दिसतच नाही. ९ ते ११ चे अर्ज तीनऐवजी दोन आणि १ ते ३ चेही दोनच असते, तर ८ ते १० आणि ११ ते १ यांची बरोबरी झाली असती आणि नशिबाने निवड योग्यही पडली असती. तीन-तीन अर्ज ठेवले की ती पळवाट उरत नाही.

लवकर संपणाऱ्याचा नियम काही बदल सहज पचवतो. दोन कार्यक्रमांमध्ये झाडलोटीला पंधरा मिनिटे लागत असतील, तर प्रत्येक मागणीची संपण्याची वेळ पंधरा मिनिटांनी पुढे ढकलायची आणि तोच नियम लावायचा. दोन मागण्या एकाच वेळी संपत असतील तर कोणतीही आधी बघितली तरी संख्या कमी होत नाही. दिवस उलटा वाचून सर्वांत उशिरा सुरू होणारा कार्यक्रम आधी घेत मागे आले, तरी तीच सिद्धता आरशातल्यासारखी लागू पडते.

संख्येऐवजी भाडे मोजायचे ठरले की मात्र हमी संपते. ९ ते १० च्या कार्यक्रमाचे ५०० रुपये आणि ९.३० ते १.३० च्या कार्यक्रमाचे ४,००० रुपये मिळणार असतील, तर लवकर संपणारा घेऊन वाचनालय ३,५०० रुपयांना मुकते. ‘फार तर एक गमवायचा’ हे अजूनही खरे असते, पण तो एकच आठपट मोलाचा निघतो. तिथे संपण्याच्या वेळेनुसार यादी लावून प्रत्येक मागणीपाशी दोन बेरजा ताडून पाहाव्या लागतात. ही मागणी सोडली तर आधीच्या मागण्यांतून मिळणारी सर्वांत मोठी रक्कम ही पहिली बेरीज. ती घेतली तर तिचे भाडे, अधिक ती सुरू होण्यापूर्वी संपणाऱ्या मागण्यांतून मिळणारी सर्वांत मोठी रक्कम ही दुसरी. जी मोठी ती लिहून ठेवायची आणि पुढच्या मागणीकडे जायचे. या रीतीला डायनॅमिक प्रोग्रामिंग म्हणतात, आणि तिच्यात यादीच्या शेवटापर्यंत पोचल्याशिवाय कोणत्याही मागणीला पक्का होकार देता येत नाही.